पंच्याहत्तर ग्रॅमची शिट्टी

क्लासच्या टेबलावर कुकर होता, पण त्यावर शिट्टी नव्हती. ती बाईंच्या हातात होती आणि त्या ती नाण्यासारखी उलटसुलट करत होत्या. फळ्यावर एकच प्रश्न लिहिलेला होता: दाब वाढला की पाण्याचा उत्कलनांक का वाढतो? दहावीच्या वर्गाला अशा प्रश्नाची भीती वाटत नाही. उत्तर पाठ असतं, त्यामुळे हात लगेच वर गेले.

"बाई, वरून दाब पडला की पाण्याचे रेणू दाबले जातात, त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून जास्त तापवावं लागतं."

हे उत्तर बहुतेक ठिकाणी पूर्ण गुण मिळवून जातं, आणि खोड तिथेच आहे. बाई म्हणाल्या, "मग मला सांग, तुझी पाण्याची बाटली आत्ता वातावरणाच्या दाबाखाली आहे. झाकण उघडं ठेवलंस तर पाणी उडून जाईल की नाही?" जाईल. "म्हणजे रेणू बाहेर पडतायत. उकळीची वाटही न बघता पडतायत. मग दाबानं अडवलं कुणाला?"

उत्तर आलं नाही. बाईंनी शिट्टी खिशात टाकली आणि शेगडीवर आधी कुकर न ठेवता एक उघडं काचेचं भांडं ठेवलं. खरं तर या प्रश्नाचं उत्तर कुकरमध्ये दिसत नाही, कारण कुकर अपारदर्शक असतो. दिसतं ते साध्या आधणात, पण त्याकडे बारकाईनं बघायची सवय आपल्याला नसते.

भांडं तापायला लागल्यावर काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटले. ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे. उकळीशी त्यांचा संबंध नाही. त्यानंतर थोड्या वेळानं भांडं गुणगुणायला लागलं. आधण येण्याआधीचा हा आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो कशाचा हे क्वचित कुणी विचारतं. तळाशी पाणी सगळ्यात गरम असतं. तिथे वाफेचा बुडबुडा तयार होतो, वर सुटतो, जरा थंड पाण्यात पोचतो आणि तिथेच चिरडला जातो. अशा हजारो बुडबुड्यांचं चिरडणं म्हणजे ती गुणगुण. मग एक क्षण असा येतो की आवाज बदलतो, जाडसर होतो, आणि बुडबुडे चिरडले न जाता पार पृष्ठभागापर्यंत येऊन फुटतात. आधण आलं.

"आता बुडबुड्याच्या आत शिरा," बाई म्हणाल्या. "आत काय आहे?"

"हवा," एकजण म्हणाला.

"नाही रे. हवेचे बुडबुडे मघाशीच निघून गेले. आत फक्त पाण्याची वाफ आहे. ती बुडबुड्याच्या भिंतीला आतून बाहेर ढकलते. बाहेरून कोण ढकलतं?"

पाणी ढकलतं, आणि पाण्याच्या डोक्यावर असलेली हवाही. पाण्याच्या दहा सेंटिमीटर खोलीमुळे जेमतेम एक किलोपास्कल दाब येतो. हवेचा मात्र समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल. म्हणजे बुडबुड्याचा खरा प्रतिस्पर्धी हवा. आत वाफेचा दाब कमी पडला तर बुडबुडा मिटतो, बरोबरीला आला तर जगतो. आणि ज्या तापमानाला वाफेचा दाब बाहेरच्या दाबाच्या बरोबरीला येतो, त्यालाच आपण उत्कलनांक म्हणतो. व्याख्या एवढीच आहे. बाहेरच्या दाबानं अडतो तो बुडबुडा, रेणू नाही. रेणू पृष्ठभागावरून कुठल्याही तापमानाला निसटतात, त्याला बाष्पीभवन म्हणतात. पाण्याच्या पोटात वाफेची पोकळी टिकणं म्हणजे उकळणं, आणि ती पोकळी टिकवायला आतून पुरेसा रेटा लागतो.

मग बाईंनी फळ्यावर वाफेच्या या रेट्याचे, म्हणजे बाष्पदाबाचे, काही आकडे लिहिले. ३० अंश सेल्सिअसला सुमारे ४ किलोपास्कल, ७० अंशाला ३१, ९५ अंशाला ८४.५, १०० अंशाला १०१, १२० अंशाला १९८. सगळ्या कुकरविद्येचा पाया या पाच आकड्यांत आहे. ते सरळ रेषेत वाढत नाहीत. १०० वरून १२० वर जाताना तापमान वीसच अंश वाढतं, पण वाफेचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. उलट बाजूनं वाचलं तर दाब दुप्पट करूनही हाती वीसच अंश लागतात. शिजण्याच्या क्रिया मात्र दर दहा अंशांना ढोबळमानानं दुपटीनं वेगावतात, म्हणून या वीस अंशांत साधारण चौपट वेग मिळतो.

मागच्या बाकावरच्या मुलीचं समाधान झालं नव्हतं. "बाई, हे खरं असेल तर बाहेरचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळायला पाहिजे."

बाईंनी वीस मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज काढली. मघाशी उकळलेलं पाणी ७० अंशांपर्यंत निवू दिलं, त्यातलं पाच मिलिलिटर आत ओढलं, तोंड वर करून उरलीसुरली हवा बाहेर ढकलली, तोंडाला घट्ट बूच लावलं आणि दट्ट्या मागे खेचला. जोर लागतो, साधारण दोन किलो वजन उचलण्याइतका. खेचताच पाणी खळाखळा उकळलं. ७० अंशाचं पाणी, खाली आच नाही.

इथे एक फसगत होते आणि ती सांगायला हवी. पाणी आधी उकळलेलं नसेल तर दट्ट्या ओढल्यावर विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर येते आणि मुलं तिलाच उकळी समजतात. ओळखायची खूण सोपी आहे. दट्ट्या सोडून द्यायचा. बुडबुडे वाफेचे असतील तर ते क्षणात नाहीसे होतात, कारण वाफेचं परत पाणी होतं. हवेचे असतील तर वर एक हट्टी फुगा शिल्लक राहतो. बाईंच्या सिरिंजमध्ये बारकासा फुगा राहिला, बाकी सगळं मिटलं.

आता शिट्टीची पाळी आली. बाईंनी ती छोट्या काट्यावर ठेवली: ७५ ग्रॅम. कुकरच्या झाकणावरच्या ज्या नळीवर ती बसते, तिच्या भोकात ड्रिलचं तीन मिलिमीटरचं पातं नेमकं बसत होतं. एवढ्या दोन मोजमापांवरून कुकरच्या आत थर्मामीटर न घालता तिथलं तापमान काढता येतं. घालूही नये. शाळेतला साधा थर्मामीटर ११० अंशांपर्यंतचा असतो, पुढे पाऱ्याला जागा उरत नाही आणि काच फुटते.

हिशेब मुलांनीच केला. तीन मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर. ७५ ग्रॅमचं वजन म्हणजे पाऊण न्यूटनच्या किंचित खाली बल. भागाकार केला की १०४ किलोपास्कल. आतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका वाढला की शिट्टी उचलली जाते आणि वाफ सुटते. बाहेरचे १०१ त्यात मिळवायचे, कारण बाहेरची हवाही शिट्टीला वरून दाबतेच आहे. एकूण २०५. बाष्पदाबाच्या कोष्टकात २०५ समोर १२१ अंश येतात.

हे १०१ मिळवायला वर्गातले अर्धे विसरले. विसरलं की उत्तर १०१ अंश येतं आणि कुकर निरुपयोगी ठरतो. शिट्टी ठरवते तो फरक, आतला एकूण दाब नव्हे. म्हणूनच उंच डोंगरावर, जिथे हवेचा दाब समजा ७० किलोपास्कल आहे, तिथे हाच कुकर १७४ पर्यंतच पोचेल आणि आतलं पाणी ११६ अंशांच्या आसपास थांबेल. उघड्या भांड्यातल्या ९० अंशांपेक्षा ते कितीतरी बरं, पण १२१ नाही.

वजन ठेवून दाब बांधायची ही युक्ती जुनी आहे. डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला आपलं घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं. हाडं मऊ करण्याचं यंत्र होतं ते. भांडी फुटू नयेत म्हणून त्यानं तरफेवर वजन टांगून झडप केली. आपली शिट्टी त्या झडपेचीच नात, फक्त तरफ गेली आणि भोक लहान झालं.

हिशेब झाला, आता पडताळा. बाईंनी परीक्षानळीत चिमूटभर गंधकाची पिवळी पूड घातली, तोंडाला फॉइल गुंडाळली. गंधक ११५ अंशांच्या जवळपास वितळतं. कुकरमध्ये एक लिटर पाणी होतं, नळी त्यात उभी राहिली. हा कुकर फक्त प्रयोगांसाठी ठेवलेला होता आणि तसाच ठेवायचा. गंधक घातलेल्या भांड्यात पुन्हा काही शिजवायचं नाही. झाकण लावलं, एका उत्साही मुलानं लगेच वर शिट्टी ठेवली, आच मोठी केली. बाई काही बोलल्या नाहीत. हे मौन मुद्दाम होतं, असं पुढे कळलं.

पहिली शिट्टी झाली, शेगडी बंद केली. दाब आपोआप उतरू दिला, झाकण उघडलं. पूड जशीच्या तशी, सुटी, कोरडी, पिवळीधमक.

वर्गाला अपमान झाल्यासारखं वाटलं. गंधक खराब असेल, काटा चुकला असेल, भोक मोठं असेल. तिघांनी परत भागाकार केला, उत्तर तेच आलं. शिट्टी उचलली गेली म्हणजे दाब २०५ झालाच होता. तापमान मात्र ११५ च्या वर गेलेलं नव्हतं.

"दाब झाला होता," बाई म्हणाल्या. "कुणाचा?"

बराच वेळ शांतता. मग त्याच मागच्या बाकावरून हळू आवाजात, "आत हवा होती."

इथे माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात मोलाचा मुद्दा येतो, आणि पाठ केलेलं उत्तर नेमकं इथे गळपटतं. झाकण लावताना कुकरमधली रिकामी जागा हवेनं भरलेली होती. शिट्टी लगेच बसवल्यामुळे ती हवा आत अडकली. २७ अंशाची बंदिस्त हवा तापवली की तिचाही दाब वाढतो, ९५ अंशांना तो सुमारे १२० किलोपास्कल होतो. त्याच तापमानाला वाफेचा दाब ८४.५. बेरीज २०४.५. शिट्टीला हवा आणि वाफ यांतला फरक कळत नाही, तिला फक्त बेरीज कळते. म्हणजे हवा पूर्ण अडकून राहिली असेल तर पहिल्या शिट्टीला पाणी असतं ९५ अंशांच्या आसपास. उघड्या पातेल्यात खदखदणाऱ्या पाण्यापेक्षाही गार!

आणि ते उकळतही नसतं. बुडबुड्याच्या आत ८४, बाहेर २०५. कुठला बुडबुडा जगेल? प्रत्यक्षात शिट्टी आणि रबर सुरुवातीला थोडी गळती करतात, थोडी हवा निघून जाते, म्हणून आकडा ९५ च्या थोडा वर असू शकतो. पण १२१ नक्कीच नाही. पुढच्या प्रत्येक शिट्टीबरोबर हवा आणि वाफेचं मिश्रण बाहेर पडतं, हवेचा वाटा घटत जातो, आणि त्याच दाबाला तापमान चढत जातं. पहिली शिट्टी आणि चौथी शिट्टी कानाला सारखीच, आत मात्र बराच फरक. शिट्ट्या मोजून शिजवण्याची पद्धत म्हणूनच कुकर बदलला, पाणी कमीजास्त झालं की फसते.

दुसऱ्या खेपेला झाकण लावलं, पण शिट्टी ठेवली नाही. आधी नळीतून चुकार, तुटक वाफ आली. बाईंनी थांबवलं. "ही मिश्र आहे." मग हळूहळू तिला जोर आला, अखंड, सरळ, फुत्कारणारी धार. नळीच्या तोंडाशी वाफ दिसत नाही, पांढरा ढग दोन बोटं वर सुरू होतो. वाफ स्वतः अदृश्यच असते, दिसतात ते तिचे गार झालेले थेंब. अशी धार तीन-चार मिनिटं चालू दिली, तेव्हा शिट्टी चिमट्यानं बसवली. पहिली शिट्टी होताच आच बारीक केली आणि दहा मिनिटं तशीच ठेवली.

उघडल्यावर नळीत पूड नव्हती. तळाशी एक अखंड वडी होती, काचेला घट्ट चिकटलेली, वरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडांना किंचित चढलेला. गंधक वितळून परत गोठलं होतं.

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत, कारण एका मुलानं लगेच खोट काढली. "बाई, हे बरोबर नाही. या वेळी आपण दहा मिनिटं जास्त दिली. हवेमुळे नाही, वेळेमुळे वितळलं असेल."

फार चांगली हरकत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कारण कुठलं हे सांगता येत नाही. म्हणून तिसरी खेप: हवा आधी काढायची, पण पहिल्या शिट्टीलाच शेगडी बंद. नळीत कडेला पूड वितळून काचेला लागलेली निघाली, मधला भाग मात्र भुगाच. म्हणजे दोघांचंही थोडं खरं. हवा काढल्यामुळे तापमान ११५ च्या वर गेलं, आणि नळीच्या मध्यापर्यंत ती उष्णता पोचायला वेळ कमी पडला. इस्पितळातल्या ऑटोक्लेव्हमध्ये नेमक्या याच दोन गोष्टींची काळजी घेतात. आधी हवा हाकलायची, मग १२१ अंशांना ठरावीक मिनिटं थांबायचं. हवेचा कप्पा राहिला तर दाबाचा काटा बरोबर दाखवतो, आणि जंतू मरत नाहीत.

"बाई, दहा मिनिटं आच बारीक का केली? मोठी ठेवली असती तर आणखी तापलं असतं." हा प्रश्न येतोच. नाही तापत. शिट्टी उचलली गेली की दाब तिथेच अडतो, दाब अडला की तापमानही. जादा आच वाफ करण्यात खर्च होते. एक किलोवॅट उष्णता जास्त दिली तर मिनिटाला साधारण २७ ग्रॅम पाणी वाफ होऊन निघून जातं. कुकर करपतो तो असाच. पाणी संपलं की आत उकळायला काही उरत नाही, तापमान बांधून ठेवणारं कुणी राहत नाही आणि तळ बेसुमार तापतो. तेव्हा झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह कामी येतो. त्यातला कमी तापमानाला वितळणारा धातू पाघळतो आणि वाट मोकळी होते. एकदा पाघळला की तो बदलायचाच, बुजवायचा नाही.

चौथ्या वेळी कुकर पुन्हा पूर्ण दाबावर आणला आणि शेगडी बंद केली. एकाचा हात झाकणाच्या दांड्याकडे गेला, बाईंचा आवाज चढला. "हात मागे!" वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाला आतून मिळणारा जोर त्यांनी काढायला लावला. ३१४ चौरस सेंटिमीटर, प्रत्येकावर साधारण एक किलोचा भार, म्हणजे तीनशे किलोंच्या वर. त्याहून मोठा धोका पाण्याचा. आत १२१ अंशांचं एक लिटर पाणी आहे, झाकण उडालं तर बाहेरचा दाब एकदम १०१ होतो आणि त्या दाबाला १२१ अंशांचं पाणी पाणी म्हणून राहूच शकत नाही. जादा एकवीस अंशांची उष्णता वापरून त्यातलं सुमारे ३९ ग्रॅम लगेच वाफ होतं. ३९ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याची वाफ ६५ लिटर जागा घेते. पाच लिटरच्या कुकरमधून ती बाहेर येताना आतलं सगळं बरोबर घेऊन येते.

"मग हळूहळू सोडला तर?"

बाईंनी फडकं गार पाण्यात बुडवलं, पिळलं आणि झाकणावर पसरलं, शिट्टी आणि व्हॉल्व्ह सोडून. "आता कान द्या. जवळ नको, तिथूनच."

शेगडी विझलेली होती. तरीही काही क्षणांनी कुकरच्या आतून घळघळ आवाज यायला लागला, जाडसर, आधणाचा. झाकण गार झालं तशी वरची वाफ पाणी होऊन गळली, दाब उतरला, आणि खालचं अजून शंभराच्या वर असलेलं पाणी त्या उतरलेल्या दाबाला उकळायला लागलं. फडकं उचललं की आवाज मंदावायचा, परत टाकलं की परत सुरू. मागच्या बाकावरची मुलगी उठून फळ्यापाशी गेली, ७० अंश आणि ३१ किलोपास्कलवर बोट ठेवून म्हणाली, "सिरिंजच आहे ही. फक्त दट्ट्याच्या जागी फडकं."

बाईंनी फडकं पुन्हा बुडवलं.